वरच्या फळीपासून कठड्यापर्यंत

घरात उगवलेली रोपं बाहेर कशी काढावीत याबद्दल जे छापील वाचायला मिळतं, त्यातलं पुष्कळसं थंड मुलखातल्या माळ्यांनी लिहिलेलं असतं. त्यांना धास्ती असते रात्रीच्या हिमाची. नांदेडला किंवा लातूरला फेब्रुवारीअखेर रोपं गॅलरीत न्यायची तर रात्रीचं काहीच भय नसतं. आपल्याकडे सांभाळायची ती दुपार. नांदेडला त्या दिवसांत पारा तेहतीस-चौतिसाला टेकतो, हवा कोरडी होत जाते आणि मार्च उजाडला की चढच. त्यामुळे रोपं कणखर करण्याची आपली रीत वेगळीच असायला हवी, आणि ती ऊन पाहूनच ठरवावी लागते.

मी मिरची, टोमॅटो आणि वांग्याचं बी जानेवारीत टाकते. तेव्हा रात्री थंडी असते, त्या गारठ्यात मिरचीचं बी नुसतं पडून राहतं. म्हणून ट्रे स्वयंपाकघरात फ्रिजजवळच्या उबेला ठेवायचा आणि कोंब दिसले की खिडकीत आणायचा. खिडकीतला उजेड आपल्या डोळ्यांना भरपूर वाटतो, पण डोळे फसवतात. तिथे थेट ऊन येत नसेल तर उजेड फार तर काही हजार लक्स असतो, आणि भर दुपारी उघड्यावर तोच एक लाखाच्या घरात जातो. शिवाय काचेतून अतिनील किरणांचा दाहक भाग जवळजवळ येतच नाही. अशा जागी उमललेलं पान पातळ असतं. त्याच्यावरचा मेणाचा थर नावापुरता, रंग पोपटी, देठ लांब. वाराच कधी लागलेला नसल्यामुळे खोडही लेचंपेचं. हे पान आजारी नाही. ज्या उजेडात ते घडलं, त्या उजेडासाठी ते अगदी योग्य आहे.

आमच्या शेजारच्या मुलाने एका रविवारी टोमॅटोचा ट्रे पश्चिमेच्या गॅलरीत नेऊन ठेवला. संध्याकाळी दारात येऊन म्हणाला, "काकू, रोपं पांढरी पडलीत की हो. बुरशी आली का?" ट्रे हातात घेऊन पाहिला. वरच्या दोन-तीन पानांवर शिरांच्या मधोमध फिकट पांढरे चट्टे होते. बोट फिरवलं तर चट्टा पुसला जात नव्हता, कागदासारखा कोरडा लागत होता. जे पान दुसऱ्या पानाच्या सावलीत होतं, त्याच्यावर सावलीपुरती हिरवी कड शाबूत राहिली होती. ही खूण पक्की. बुरशी असती तर पीठ हाताला लागलं असतं. कोळी असता तर सुईने टोचल्यासारखे बारीक ठिपके दिसले असते आणि पानाखाली जाळी. पाणी जास्त झालं असतं तर खालची पानं सरसकट पिवळी पडली असती. पण उन्हाने पोळलेलं पान फक्त उन्हाकडे तोंड असलेल्या जागीच पांढरं होतं. जेवढा उजेड पान वापरू शकतं, त्याच्या कितीतरी पट अंगावर आला की हरितद्रव्याची यंत्रणाच मोडते. तो चट्टा पुन्हा हिरवा होत नाही.

मी त्याला रोपाचा शेंडा दाखवला. मधला इवला कोंब हिरवा आणि ताठ होता, म्हणजे रोप जिवंत होतं. पोळलेली पानं तोडू नको म्हटलं, कारण त्यांचा उरलेला हिरवा भागच सध्या रोपाचं पोट भरणार. ट्रे आत सावलीत घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही क्रमाने सुरुवात केली.

हा क्रम लावायला गॅलरीच मदत करते. वर स्लॅब असलेल्या पश्चिमेच्या गॅलरीत दुपारचं ऊन आधी कठड्यापाशी उतरतं. सूर्य कलेल तसं ते आतल्या भिंतीच्या पायथ्याशी पोचतं आणि मग भिंतीवर वर वर चढत जातं. म्हणजे त्याच भिंतीला डोक्याच्या उंचीवर फळी ठोकली, तर तिच्यावर फेब्रुवारीत साधारण चारच्या सुमारासच ऊन येतं. तोवर त्याची धार गेलेली असते. पूर्वेच्या गॅलरीत हेच उलट्या क्रमाने घडतं. वरच्या फळीवर उगवतीचं कोवळं ऊन येतं आणि नऊ-सव्वानऊला निघूनही जातं. म्हणून ट्रे आधी वरच्या फळीवर, मग कमरेच्या उंचीला स्टुलावर आणि शेवटी पुढे कठड्याकडे. प्रत्येक टप्प्याला उन्हाचा तासाभराचा वाटा वाढतो, आणि तोही दुपारच्या बाजूने. घड्याळ लावून ट्रे आत-बाहेर करावा लागत नाही. नोकरी करणाऱ्या माणसाला हे फार सोयीचं.

दोन्ही गॅलऱ्या असतील तर पूर्वेची निवडावी. उन्हाचा कोन सकाळी आणि संध्याकाळी सारखाच असला तरी संध्याकाळी भिंत, फरशी आणि लोखंडी जाळी दिवसभर तापलेली असते, त्यामुळे रोपाला वरून ऊन आणि खालून झळ असं दोन्ही सोसावं लागतं. काळ्या ट्रेमध्ये तर मुळंच शेकून निघतात. पश्चिमेला पर्याय नसेल तेव्हा मी ट्रे दोन विटांवर ठेवते आणि त्याच्या काळ्या कडेभोवती पांढरं कापड गुंडाळते. सगळ्यात वरच्या मजल्यावर, डोक्यावर स्लॅब नसलेल्या जागी मात्र भिंतीचा हा उपाय चालत नाही. तिथे पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी लावावी. ती आधी पूर्ण दिवस, मग फक्त अकरा ते चार, आणि शेवटी काढून टाकावी.

एका जागेवरून पुढच्या जागेवर ट्रे कधी सरकवायचा हे मी दिवस मोजून ठरवत नाही, नवं पान पाहून ठरवते. आत घडलेलं पान बाहेर आल्यावर थोडं मेण धरतं, थोडं गडद होतं, पण त्याची जाडी वाढत नाही. उन्हाला पुरून उरणारं पान उन्हातच घडावं लागतं. बाहेर आल्यावर शेंड्यात जे पान उमलतं, ते आखूड देठाचं, गडद आणि बोटांत धरलं तर जाडसर लागतं. टोमॅटो आणि वांग्याच्या खोडावर जांभळट छटाही चढते. अशी दोन पानं पूर्ण उघडली की रोप भर उन्हाला तयार झालं. फेब्रुवारीच्या उबेत टोमॅटोला त्यासाठी आठवडा-दहा दिवस पुरतात. मिरची जरा सावकाश चालते, तिला घाई करू नये.

पाण्याच्या बाबतीत मात्र लोक टोकाला जातात. रोपवाटिकावाले शेवटच्या काही दिवसांत पाणी कमी करतात हे ऐकून कुणी पाणी तोडूनच टाकतं. आपली हवा आधीच कोरडी, तेव्हा कमी करायचं म्हणजे दोन पाण्यांतलं अंतर थोडं वाढवायचं. त्याचा अंदाज ट्रे उचलून येतो. पाणी दिल्यावर तो किती जड लागतो आणि कोरडा किती हलका, हे हाताला दोन-तीन वेळा समजलं की पुढे चूक होत नाही. अर्ध्याहून हलका लागला की सकाळी पाणी. दुपारी चारला पानं किंचित ओघळली आणि सूर्य बुडाल्यावर उभी राहिली तर काळजी नको. सकाळी सातला मान पडलेली असेल तर ताबडतोब पाणी, आणि पाणी देऊनही ती उठली नाही तर मुळं तपासायची. कोकोपीट एकदा पार वाळलं की वरून घातलेलं पाणी कडेने निसटून जातं, अशा वेळी ट्रे परातीत ठेवून खालून पाणी पिऊ द्यावं. या दिवसांत युरिया बिलकूल देऊ नये. त्याने पुन्हा तीच मऊ, पोपटी वाढ येते आणि आठवड्याची मेहनत वाया जाते.

माझी बहीण लातूरला असते. लातूर बालाघाटाच्या पठारावर, नांदेडपेक्षा दोन-अडीचशे मीटर उंच. तिच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत ऊन आमच्यापेक्षा थोडं सौम्य, पण वारा सतत. तिच्याकडे पानं पोळत नाहीत, त्यांच्या कडा सुकून वळतात आणि खोडं मातीलगत हेलपाटतात. वारा पानातलं पाणी ओढून नेतो आणि घरात वाढलेल्या पानाला आपली रंध्रं वेळेवर मिटण्याची सवय नसते. म्हणून तिला मी सांगितलं, वाऱ्याची सवय घरातच लाव. रोपं दोन पानांवर आली की छताचा पंखा एकच्या वेगावर दिवसातून थोडा वेळ चालू ठेवायचा. किंवा कोरड्या पानांवरून दिवसातून दोनदा तळहात अलगद फिरवायचा, रोप वाकेल एवढाच. वारंवार हललेलं खोड उंचीऐवजी जाडी धरतं. टोमॅटोत हे चांगलं दिसून येतं. फक्त हात साबणाने धुतलेले हवेत. घरात कुणी तंबाखू खाणारं असेल तर त्याने रोपांना हातच लावू नये, कारण तंबाखूतला मोझॅक विषाणू टोमॅटो-मिरचीला सहज लागतो.

दक्षिणेच्या गॅलरीची गोष्ट निराळी. तिथे डिसेंबर-जानेवारीत ऊन खोलवर येतं, पण सूर्य रोज थोडा वर सरकत असतो. मेच्या मध्याला नांदेड-लातूरला तो दुपारी बरोबर डोक्यावर येतो, आपण ज्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतो. तोवर स्लॅबखालच्या दक्षिण गॅलरीत दुपारचं थेट ऊन उरलेलंच नसतं. फेब्रुवारीत तयार झालेली रोपं तिथे ऊन कमी कमी होत जाणाऱ्या जागेत उभी राहतात, आणि एप्रिलमध्ये फुलं का धरत नाहीत म्हणून लोक खत वाढवत बसतात. त्यांना खत नको असतं, कुंडी कठड्याबाहेरच्या स्टँडवर हवी असते.

पावसाळ्याच्या रोपांना वेगळा धोका असतो. मेअखेर घरात टाकलेली रोपं मृगाच्या ढगांत बाहेर काढली जातात. आभाळ भरलेलं असतं, पानं छान दिसतात, आणि रोपं तयार झाली असं वाटतं. ती ढगाला तयार झालेली असतात. चार-सहा दिवसांनी उघडीप पडते, धुऊन निघालेल्या हवेतून लख्ख ऊन येतं आणि फेब्रुवारीत दिसले तेच पांढरे चट्टे जूनमध्ये दिसतात. म्हणून ढगाळ दिवस मी हिशेबात धरत नाही. उघडीप पडली की हिरवी जाळी पुन्हा दोन-तीन दिवस वर टाकते.

कुंडीत लावायचं ते ऊन उतरल्यावर. टोमॅटोचं खोड पहिल्या पानांपर्यंत खोल गेलं तर उत्तम, त्यातून नवी मुळं फुटतात. मिरची-वांगं ट्रेमध्ये होतं तेवढंच खोल. कणखर झालेल्या रोपाची मुळंही लावताना थोडी हलतातच, म्हणून पहिले दोन दिवस दुपारी वर्तमानपत्राची सावली धरावी. दोडका, कारलं, भेंडी, गवार यांच्यासाठी हा सगळा खटाटोपच करू नये. त्यांचं बी थेट कुंडीत, असेल त्या उन्हात टाकावं. त्यांचं पहिलं पानच तिथल्या उन्हात उघडतं.