अधिक की उणे?

सरळ रस्त्यावर एक मोटारसायकल सेकंदाला १० मीटर वेगाने चालली आहे. मागून एसटी येते आहे, सेकंदाला २० मीटर वेगाने, आणि तिचा हॉर्न ६४० हर्ट्झचा आहे. हवा शांत आहे आणि आवाजाचा वेग ३४० मीटर धरू. मोटारसायकलवाल्याला किती हर्ट्झ ऐकू येतील? डॉप्लरचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं: अंशात ३४० बरोबर ऐकणाऱ्याचा वेग, छेदात ३४० बरोबर हॉर्नचा. प्रश्न उरतो तो अधिक-उणेचा. चिन्हांच्या चार जोड्या होतात आणि उत्तरंही चार येतात: ७००, ६६०, ६२२ आणि ५८७. यातलं बरोबर ६६०.

चुकीची तिन्ही उत्तरं निरर्थक नाहीत, आणि माझ्या मते खरी अडचण हीच आहे. मोटारसायकल उलट दिशेने, एसटीच्या समोर येत असती तर ७०० बरोबर ठरले असते. एसटी ओव्हरटेक करून पुढे गेली की ६२२ बरोबर. दोघं एकमेकांकडे पाठ करून लांब जात असतील तर ५८७. म्हणजे चिन्ह उलटलं की आपण नकळत दुसऱ्याच रस्त्याचं गणित सोडवतो, आणि उत्तर इतकं शहाणं दिसतं की नजर अडखळत नाही.

पडताळा म्हणून बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: अंतर कमी होतंय ना? मग स्वर चढायला हवा. ही कसोटी खरी आहे, पण अपुरी. तिच्यामुळे ६२२ आणि ५८७ बाद होतात, ७०० मात्र सुटून जातात. त्याहून फसवी चूक म्हणजे वेगांची अदलाबदल. एसटीचे २० अंशात आणि मोटारसायकलचे १० छेदात गेले, दोन्हीकडे अधिक लागलं, तर ३६० भागिले ३५० होऊन ६५८ येतात. दिशा बरोबर, आकडाही जवळचा, आणि तरी गणित चूक.

म्हणून उत्तर सूत्राशिवाय एकदा मोजून पाहावं. एसटीचा हॉर्न एका सेकंदात ६४० लाटा सोडतो. सेकंद संपताना पहिली लाट ३४० मीटर पुढे गेलेली असते आणि एसटी स्वतः २० मीटर पुढे आलेली असते. त्यामुळे ६४० लाटा ३२० मीटरमध्ये बसतात. दोन लाटांत अंतर अर्धा मीटर. आता मोटारसायकलवाल्याकडे वळू. लाटा ३४० मीटर वेगाने त्याच्याकडे येतात, पण तो १० मीटर वेगाने त्यांच्यापासून पळतो, म्हणून सेकंदाला लाटांचा ३३० मीटरचाच पट्टा त्याच्या कानावरून जातो. अर्ध्या मीटरला एक लाट, तर ३३० मीटरमध्ये ६६०. इथे कुठलंही चिन्ह आठवावं लागलं नाही. हॉर्नच्या वेगाने लाटा दाटल्या, ऐकणाऱ्याच्या वेगाने त्या भेटण्याची गती बदलली. या दोन घटना वेगळ्या आहेत, म्हणूनच एक वेग छेदात आहे आणि दुसरा अंशात.

यावर कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? दिशेचा एक संकेत ठरवा आणि तोच पाळा. संकेत हवाच. पण काही पुस्तकं ऐकणाऱ्याकडून स्रोताकडे जाणारी दिशा धन धरतात, काही बरोबर उलट. दोन्ही ठीक आहेत. अर्धं सूत्र एका पुस्तकातलं आणि अर्धं दुसऱ्यातलं डोक्यात बसलं, की चिन्ह उलटतं. संकेत स्वतःची चूक स्वतः दाखवत नाही, मोजणी दाखवते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दोघांतला सापेक्ष वेग १० मीटर, मग तेवढाच वापरला तर काय बिघडलं? मोटारसायकल थांबलेली आणि एसटी १० ने येते असं धरलं, तर ६५९.४ येतात. एसटी थांबलेली आणि मोटारसायकल तिच्याकडे जाते असं धरलं, तर ६५८.८. फरक कानाला कळणार नाही, हे मान्य. पण वेग १७० मीटर करा: स्रोत स्थिर ऐकणाऱ्याकडे येत असेल तर वारंवारता दुप्पट होते, ऐकणारा स्थिर स्रोताकडे जात असेल तर दीडपट. कारण आवाजाला हवा लागते आणि दोघांचेही वेग हवेच्या संदर्भात मोजावे लागतात.

अदलाबदल पकडायलाही अशीच टोकाची कल्पना कामी येते. मोटारसायकल आवाजाच्याच वेगाने पळू लागली, तर मागची एकही लाट तिला गाठणार नाही. उत्तर शून्य यायला हवं, आणि ते अंशात ३४० उणे ३४० झाल्यावरच येतं. ६५८ देणाऱ्या सूत्रात हे घालून पाहिलं तर शून्य येत नाही, ३३९ येतात.

एसटी शेजारून पुढे गेली की दोन्ही चिन्हं एकदमच बदलतात, एक नव्हे. आता लाटा तिच्या मागे ३६० मीटरमध्ये पसरल्या आहेत आणि मोटारसायकल त्यांना सामोरी जाते, म्हणून ३५० भागिले ३६०, म्हणजेच ६२२. कागदावर ६६० वरून ६२२ ही एकदम उडी दिसते. रस्त्यावर एसटी थोडी बाजूने जाते, कानाच्या दिशेतला तिच्या वेगाचा भाग हळूहळू घटतो आणि उलटतो, आणि स्वर घसरत खाली येतो.