अव्वाची कढई

मार्केट यार्डात कांदा घातला, की पट्टी हातात पडेपर्यंत दुपार कलायची. मग सात रस्त्याला येऊन अव्वाच्या गाड्यावर भजी खायची आणि गावची गाडी धरायची, हा माझा कैक वर्षांचा शिरस्ता. नवरा गेल्यावर अव्वानं दोन पोरं त्या एका कढईवर शिकवली. तिचा खरा पैसा तेलात जायचा. तेल गार असलं की भजी तेल पितात आणि दिवसाची कमाई गिऱ्हाइकाच्या कागदावर निथळून जाते.

म्हणून ती आधी पिठाचा एक थेंब कढईत सोडायची. थेंब तळाशी बसून राहिला, तर तेल गार. बुडून, बुडबुडे घेत, एक-दोन-तीन म्हणेपर्यंत वर आला, की भज्याचं तेल झालं. पडताक्षणी उसळून तांबडा झाला, तर स्टो बारीक करायची. "वरनं लाल आन् आत कच्चं पीठ, असलं भजं कसं देऊ अण्णा?" थर्मामीटर लावला तर हे तेल 170 ते 180 अंशांच्या आसपास भरेल.

पुरीला तेल याहून चढं लागतं, 180 ते 190. कणकेची बारकी गोळी टाकली की ती लगोलग वर यायला हवी, पण करपायला नको. पुरी पातळ, अर्ध्या मिनिटात होते. तेल कडक असलं की आतल्या पाण्याची एकदम वाफ होते आणि तीच पुरी फुगवते. गार तेलात वाफ हळूहळू निसटते आणि पुरी चपटी राहते.

पुतण्याच्या साखरपुड्याला हेच झालं. पहिला घाणा टम्म फुगला. पंगत बसली तशी आचाऱ्यानं घाईनं दहा-बारा पुऱ्या एकदम सोडल्या, त्या सगळ्या चपट्या. तो कणकेला दोष देऊ लागला. वधूकडची माणसं ताटावर, माझा भाऊ घामाघूम. मी गोळी टाकून बघितली, तर ती तळाशीच. एवढ्या गार कणकेनं तेल उतरलं होतं. जाळ वाढवला, गोळी वर येईस्तोवर थांबलो, मग चार-चारच पुऱ्या सोडायला लावल्या. कणीक तीच, पुऱ्या फुगल्या.

बरेच जण धुराची वाट बघतात. पण धुराचा भरवसा नाही. आमच्याकडचं तेलघाणीचं करडीचं तेल लवकर धुरावतं, दुकानातलं रिफाइंड फार उशिरा. रिफाइंडला धूर येईपर्यंत थांबलात, तर भजी करपलीच म्हणून समजा. काही जण पाण्याचा शिंतोडा मारून बघतात, तो तर कधीच मारू नये. तेल अंगावर उडतं. पिठाचा थेंब मात्र कुठल्याही तेलात खरंच सांगतो. फक्त तो एकदाच टाकून भागत नाही, दर घाण्याला टाकावा लागतो.