पाच तुकडे, एक चौरस

“अम्मी, माझं डोकंच चालत नाही,” म्हणत लेकीनं टॅनग्रॅमचे तुकडे दूर सारले. दोन मोठे त्रिकोण वगळून उरलेल्या पाच तुकड्यांचा चौरस करायचा होता. तासभर ती ते नुसते फिरवत होती. वर्गात मीही मुलांना “करत राहा, जमेल” एवढंच सांगत आले, हे तेव्हा खटकलं.

आम्ही पट्टी घेतली. छोट्या चौरसाची बाजू 5 सेंमी, क्षेत्रफळ 25. मधला त्रिकोण 25, समांतरभुज चौकोन 25, दोन छोटे त्रिकोण मिळून 25. एकूण 100, म्हणजे नव्या चौरसाची बाजू 10 हवी.

“10ची बाजू कुणाला आहे?”

“मधल्या त्रिकोणाला!”

ती तळाला ठेवली. दोन्ही टोकांना 45 अंश भरले. काटकोनाला आणखी 45 हवे होते. उजवीकडे छोटा त्रिकोण बसला. त्याची सुमारे 7 सेंमीची बाजू मधल्या त्रिकोणाच्या तेवढ्याच बाजूला चिकटली. त्यावर छोटा चौरस आला.

डावीकडे समांतरभुज चौकोनाचा कोन जुळला, पण 7च्या बाजूला त्याची 5ची बाजू आली. कितीही फिरवला तरी तेच. पालथा घातल्यावर वेगळा होणारा हा एकच तुकडा.

“पालथा घालते,” ती स्वतःच म्हणाली. तो बसला. उरलेल्या कोपऱ्यात शेवटचा छोटा त्रिकोण तिनं न मोजताच ठेवला.

आता वर्गात मी पट्टी आधी देते, तुकडे नंतर.