पगारातली जमीन ‘एकत्रा’त कधी जाते?

वाटपाच्या दाव्यात प्रतिवादीच्या कैफियतीत एक वाक्य हमखास असतं: ‘सदर मिळकत माझी स्वकष्टार्जित आहे.’ वादी म्हणतो, असेल पूर्वी, पण दादांनी ती एकत्र कुटुंबात घातली. हिंदू कायद्यात असं घालता येतं. वकील मंडळी त्याला ब्लेंडिंग म्हणतात. एकदा ती घातली गेली की तिचं वेगळेपण संपतं आणि घालणाऱ्याला ती पुन्हा एकट्याची म्हणून मागता येत नाही. भांडण होतं ते ‘घातली’ म्हणजे नेमकं काय केलं यावर. दिवाणी न्यायालयातली माझी बरीच वर्षं या एका क्रियापदाचा कीस पाडण्यात गेली.

अनेक दाव्यांतले तपशील जुळवून मी इथे एक उदाहरण बांधलं आहे. तिघे भाऊ, दोघी बहिणी, आईवडील वारलेले. वडिलोपार्जित कोरडवाहू पाच एकर. थोरला भाऊ प्राथमिक शिक्षक. त्याने 1988 साली प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढून आणि पगारातली शिल्लक घालून शेजारचे तीन एकर स्वतःच्या नावे खरेदी केले. नोकरी परगावी, म्हणून धाकट्यांनी ती जमीन कसली. पुढे पाणी आलं, ऊस आला. बिल घरच्या एकाच खात्यावर जमा व्हायचं. त्यातून धाकट्याचं लग्न झालं, घराला स्लॅब पडला. मास्तरांनी तीन एकरांचा हिशोब कधी वेगळा ठेवला नाही. ते गेले. मागे पत्नी आणि दोन मुली. धाकटे भाऊ म्हणाले, आठही एकर एकत्रातले.

पहिला प्रश्न खरेदीच्या पैशाचा. एकत्र कुटुंब होतं एवढ्यावरून मिळकत एकत्राची ठरत नाही. जमीन घेण्याइतकं उत्पन्न एकत्र मिळकतीतून शिल्लक पडत होतं, हे आधी भावांनी दाखवायला हवं. ते दाखवलं तरच पैसा स्वतःचा होता हे सिद्ध करण्याचा बोजा मास्तरांच्या वारसांवर येतो. कोरडवाहू पाच एकरांत पाच जणांचं पोट भरून काय उरणार? शिवाय फंडाच्या कर्जाची कागदपत्रं होती. हा मुद्दा लवकर निकाली निघतो.

खरी लढाई त्यापुढची. जमीन मास्तरांची होती हे मान्य, पण तीस वर्षं सगळ्यांनी मिळून खाल्ली, तेव्हा ती मिसळली नाही का? गावातल्या कुठल्याही पंचाला विचारा, तो ‘मिसळली’ म्हणेल. कायदा तसं म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1963 साली लक्कीरेड्डी खटल्यात याची चौकट घालून दिली आणि नारायण राजू खटल्यात ती पुन्हा सांगितली. आपला वेगळा हक्क सोडून देण्याचा मालकाचा स्पष्ट इरादा सिद्ध झाला पाहिजे. उत्पन्न घरच्यांना वापरू दिलं, वेगळा हिशोब ठेवला नाही, मिळकत एकत्र वहिवाटली, एवढ्यावरून तो इरादा गृहीत धरता येत नाही. औदार्य म्हणजे हक्कसोड नव्हे. मला हा नियम न्यायाचा वाटतो. नाहीतर भावांना हात देणारा प्रत्येक कमावता माणूस आपल्या बायकामुलांचा हक्क नकळत घालवून बसेल.

तर मग इरादा दिसतो कुठे? मी पहिल्यांदा सातबारा पाहतो, पण तिथे थांबत नाही. मास्तरांच्या नावापुढे ‘ए. कु. मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, अशी अक्षरं असली की धाकट्यांचे डोळे चमकतात. महसुली नोंदीने मालकी ठरत नाही. ती अक्षरं कोणत्या फेरफाराने आली, तो फेरफार कोणाच्या वर्दीवरून झाला आणि वर्दीवर सही कोणाची, हे पाहायचं. तलाठ्याने बाकीच्या गटांवर लिहिलं म्हणून याही गटावर ओढून दिलं असेल, तर त्या अक्षरांना फारशी किंमत नाही.

आता त्याच फायलीत दुसरा कागद सापडला असं धरा. मास्तरांनी स्वतः तहसीलदारांकडे अर्ज केला आहे: ‘खालील सर्व गट आमच्या एकत्र कुटुंबाचे असून तिघा भावांत सरस-निरस मानाने वाटून मिळावेत.’ खालच्या यादीत खरेदीचा गटही आहे. इथे चित्र पालटतं. बोलतोय तो मालक स्वतः, आपल्या हिताविरुद्ध, लेखी आणि गट क्रमांकासह. अशी कबुली अंतिम नसते. यादी दुसऱ्याने केली, त्यांनी न वाचता सही केली, असं वारस सिद्ध करू शकतात. पण पुढची वागणूकही त्या अर्जाशी जुळत असेल, तर माझा अनुभव असा की न्यायालय जमीन एकत्राची धरतं.

फरक किती पडतो ते पाहा. जमीन मास्तरांची राहिली तर तीनही एकर पत्नी आणि दोन मुलींना. एकत्रात गेली तर तीन भावांत तीन वाटे, मास्तरांच्या घराला एक एकर, असा हिशोब धाकटे मांडतात. बहिणींना मात्र ते विसरतात. 2005 च्या दुरुस्तीने मुलगी जन्मानेच मुलाइतकी हक्कदार झाली आणि वडील त्याआधी वारले असले तरी हक्क राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली विनीता शर्मा खटल्यात सांगितलं. 20 डिसेंबर 2004 पूर्वी कायदेशीर वाटप झालं नसेल तर वाटे पाच, म्हणजे प्रत्येकाला चोवीस गुंठे. ‘एकत्रातली’ म्हणून जिंकलेल्या जमिनीत बहिणीची नोटीस आली की धाकटे पुन्हा वकिलाच्या दारात उभे राहतात.

मृत्युपत्राचंही तसंच. एकत्रात घातलेल्या जमिनीपुरतं मृत्युपत्र स्वतःच्या अविभक्त हिश्श्याइतकंच चालतं.

एकत्रात मिळकत घालणं ज्याला जन्मजात हक्क आहे त्यालाच जमतं. कुटुंबात लग्न होऊन आलेली बाई आपली मिळकत बक्षीस देऊ शकते, पण ब्लेंडिंगने एकत्रात घालू शकत नाही. तिला तो जन्मजात हक्कच नाही.

शहरात हीच गोष्ट उलट्या बाजूने येते. तिथे लोक मुद्दाम प्रतिज्ञापत्र करून फ्लॅट एचयूएफमध्ये घालतात, कर वाचावा म्हणून. प्रतिज्ञापत्राने इरादा स्पष्ट होतो आणि हे हस्तांतर नसून मालकाची एकतर्फी कृती आहे, हेही सर्वोच्च न्यायालयाने 1970 साली मान्य केलं आहे. पण कर वाचत नाही. प्राप्तिकर कायद्यानुसार, 31 डिसेंबर 1969 नंतर असं घातलेल्या मिळकतीचं उत्पन्न घालणाऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. म्हणजे मालकी गेली आणि कर राहिला. तरीही फ्लॅट एचयूएफमध्ये घालायचा सल्ला देणारे सल्लागार आजही भेटतात.

तेव्हा घरच्यांना जमीन कसू द्यायची असेल तर खुशाल द्या, फक्त ‘मालकी माझी, वहिवाट सर्वांची’ एवढं कागदावर लिहून ठेवा. एकत्रात घालायचीच असेल तर वकिलाकडून घोषणापत्र करून घ्या आणि आधी बायकोला, मुलामुलींना सांगा. आणि तलाठ्याकडच्या वर्दीवर सही करताना खालची यादी वाचा. आपल्या खरेदीचा गट क्रमांक त्यात दिसला, तर पेन खाली ठेवा.