मास्तराची गोष्ट, शेवट सोडून

एक पुस्तक मी आजवर चार वेळा विकत घेतलं आहे. पहिली प्रत कॉलेजात असताना नागपूरला सीताबर्डीच्या फुटपाथवर घेतली होती. ती एका मित्रानं नेली. दुसरी एका साहेबांना वाचायला दिली आणि त्यांची बदली झाली. तिसरीचं काय झालं ते आठवत नाही. चौथी परवा भाचीला दिली, म्हणजे तीही गेलीच समजा.

पुस्तक आहे व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी'. १९५५ सालची कादंबरी. जाडी इतकी कमी की तुमसरला जाणाऱ्या बसमध्ये शेजारचा माणूस विचारतो, "पुस्तिका आहे का?"

भाचीला ती द्यायचं कारण सांगतो. तिला शिक्षणसेवक म्हणून ऑर्डर मिळाली, लाखांदूर तालुक्यातल्या एका छोट्या गावात. महिना १६,००० रुपये मानधन, पटावर मोजकी मुलं, आणि भंडाऱ्याहून जायचं तर दोन बस बदलून पुढे मिळेल ते वाहन. घरात पेढे वाटले गेले, पण तिचं तोंड उतरलेलं. आठवड्याभरानं ती माझ्याकडे आली. "मामू, मी जॉईन तर झाले, पण तिथे माझं कोणीच नाही. गावातली माणसं माझ्याकडे पाहतात आणि काहीच बोलत नाहीत. पोरं येत नाहीत. मी राजीनामा देऊ का?"

आमच्या घरी एरवी नागपुरी वळणाची हिंदी चालते. ती मराठीत बोलायला लागली की समजायचं, मामला गंभीर आहे. मी सल्ला दिला नाही. सल्ला द्यायला तिचे तीन चुलते आणि एक फुप्पी आहे. मी कपाटातून पुस्तक काढलं.

गोष्ट अशी सुरू होते. माणदेशातला एक पोरसवदा मास्तर पहाटेच्या अंधारात एकटाच पायी निघतो. त्याला धनगरांच्या एका वाडीतल्या शाळेवर नेमलंय. औंध संस्थानचा काळ. वाट अनोळखी, माळ उघडाबोडका. वाडीत पोचतो तर स्वागत वगैरे काही नाही. शाळा नावालाच आहे, पोरं मेंढरांमागे रानात गेलेली. म्हातारे त्याला खालून वर न्याहाळतात. हा पोरगा मास्तर? हा काय शिकवणार? आणि शिकवून काय होणार? पोरगं शाळेत बसलं तर मेंढरं कोण वळणार?

हा शेवटचा प्रश्न मी कॉलेजात वाचला तेव्हा नुसता वाचून पुढे गेलो होतो. आता तो वेगळा वाटतो. आमच्या जिल्ह्यात मेंढरं कमी, धान जास्त. पण आषाढात बांधीत पाणी साचलं, परे उपटायला आले आणि रोवणा सुरू झाला की वर्गातली बाकं कशी रिकामी होतात, ते इथल्या कुठल्याही गुरुजींना विचारा. मोठी मुलगी बांधीत आईच्या मदतीला जाते, लहानी घरी आणखी लहानाला सांभाळते. बापाचं म्हणणं चुकीचं आहे असं तोंडावर सांगायची छाती होत नाही, कारण रोवण्याचे दिवस कोणासाठी थांबत नाहीत. माडगूळकरांच्या मास्तराचीही नेमकी तीच पंचाईत होते. तो व्याख्यान देत नाही, कारण व्याख्यानानं काहीही होणार नाही हे त्याला पहिल्याच दिवशी कळतं. तो वाडीच्या कारभाऱ्याकडे जाऊन बसतो.

कारभारी हा या कादंबरीतला माझा सगळ्यात लाडका माणूस. थकलेला, सुरकुतलेला म्हातारा, पण सगळी वाडी त्याच्या शब्दावर चालते. तो मनात आणेल तर शाळा भरेल, नाही आणलं तर मास्तरानं रिकाम्या खोलीत बसून राहावं. या म्हाताऱ्याचा आणि त्या पोरसवदा मास्तराचा जो संबंध जुळत जातो, त्यावर पुस्तकाचा बराच डोलारा उभा आहे. आणि मग कारभाऱ्याची पोरगी अंजी मध्ये येते. घाबरू नका, तुम्हाला वाटतंय तसलं काही नाही. ती मास्तराला फक्त एक काम सांगते, आणि तेही चोळी शिवून आणायचं. वाडीत शिंपी नाही, मास्तर तालुक्याच्या गावी जातो, तर आणा शिवून. एवढीशी चोळी. पण लहान गावात परक्या तरुण माणसानं कारभाऱ्याच्या मुलीसाठी कापड शिवून आणणं म्हणजे काय, ते तुम्हीच ओळखा. दादू बालट्या नावाचा एक खुसपट काढणारा गडी तिथे आहेच. मी ही पानं पहिल्यांदा वाचली तेव्हा रात्री दोन वाजता उठून पाणी प्यायलो होतो. खून नाही, मारामारी नाही, फक्त एक चोळी.

पुस्तकाची पकड इथे आहे. मास्तर शिकवायला आलेला असतो, पण वाडी त्याच्यावर शाळेबाहेरची कामं टाकत जाते. कुणाची पत्रं लिहायची, कुणाच्या भांडणात निवाडा करायचा. रामा बनगर तर त्याच्याकडे जुने चांदीचे रुपये आणून देतो, बदलून आणा म्हणून. साठवलेली पुंजी एका परक्या पोराच्या हातात, ना चिठ्ठी ना चपाटी. विश्वास असा अंगावर पडला की माणसाची झोप उडते. त्या रुपयांचं पुढे काय होतं ते मी सांगणार नाही. भाचीनं फोनवर दोनदा विचारलं, तिलाही सांगितलं नाही.

आणखी एक प्रसंग सांगतो, कारण तो सांगितल्यानं काही बिघडत नाही. वाचताना तो तरीही तेवढाच लागतो. शेकू नावाचा एक गरीब गडी आहे. शेतीची वेळ टळत चालली आहे आणि त्याच्याकडे बैलांची जोडी पुरी नाही. मग जूच्या एका बाजूला बैल, आणि दुसऱ्या बाजूला त्याची बायको. ती स्वतःच तयार होते. माडगूळकर इथे एकही हळहळीचा शब्द वापरत नाहीत. काय झालं, ते कुणी कसं पाहिलं, एवढंच सांगतात. दुसरा लेखक असता तर त्यानं दोन पानं अश्रू ढाळले असते. आपण वाचक मात्र पुस्तक खाली ठेवतो आणि थोडा वेळ भिंतीकडे पाहत बसतो.

माडगूळकरांना हे जमलं कारण ते हा मुलूख आतून ओळखत होते. त्यांचा जन्म १९२७ चा, औंध संस्थानातल्या माडगूळचा. तरुणपणी काही दिवस त्यांनी स्वतः शिक्षकी केली होती. कादंबरीतल्या मास्तराच्या डोक्यात एक कल्पना येते, गावात तालीम बांधायची. ज्या गावात मुलं शाळेत पाठवायला लोक तयार नव्हते, त्या गावाला हा पोरगा दगडमातीच्या कामाला जुंपू पाहतो. का? तर औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे व्यायामाचे भारी शौकीन, सूर्यनमस्काराचा त्यांनी खूप प्रचार केला होता, हे इतिहासातलं सत्य आहे. तालमीच्या उद्घाटनाला खुद्द राजांना वाडीत आणायचं, असं ठरतं. ज्या वाडीकडे तलाठीही फिरकायला कंटाळेल तिथे राजा! आता वाडी एकजूट होणार, की या कामातच फाटणार? याच्या पुढे मी गप्प.

आमच्या वाचकांसाठी एक खास गोष्ट. या वाडीत आयबू आहे. धनगरांच्या वस्तीतला मुसलमान. तो मास्तराचा सोबती होतो, त्याच्या आसपास असतो. मराठी कादंबरीत मुसलमान आला की तो बहुतेक वेळा कशाचं तरी प्रतीक म्हणून येतो. एकतर ऐक्याचा, नाहीतर भीतीचा. आयबू कशाचंच प्रतीक नाही. तो वाडीतला एक माणूस आहे, जसा रामोश्यांचा आनंदा आहे, जसा काकुबा आहे. लेखकाला त्याच्या धर्मावर काही म्हणायचं नाही. १९५५ साली इतक्या सहज लिहिलेलं हे पात्र वाचून मला बरं वाटलं होतं, आणि आता वाचताना थोडं वेगळंही वाटतं. असो.

काही जणांना सुरुवातीला बोली अडवेल. संवाद माणदेशी आहेत आणि आपल्या झाडीपट्टीच्या कानाला ते परके लागतात. भाचीनं पहिल्याच दिवशी मेसेज पाठवला, "मामू, अर्धं कळत नाही." मी म्हटलं, मोठ्यानं वाच. झाडीबोली तरी पुण्याच्या माणसाला पहिल्या फटक्यात कुठे कळते? दहाएक पानांनंतर कान सरावतो, मग शब्द अडत नाहीत. आणि निवेदन अगदी साधं आहे, छोटी वाक्यं, उपमांची उधळण नाही. ज्यांना कथानकात धक्के हवेत त्यांनी मात्र दुसरं काही घ्यावं. इथे गोष्ट मेंढरांसारखी चालते. थांबते, चरते, पुढे सरकते, आणि आपण कुठे येऊन पोचलो हे मागे वळून पाहिल्यावरच कळतं.

१९९५ साली अमोल पालेकरांनी यावर चित्रपट केला, चांगला आहे. पण आधी पुस्तक वाचा. चित्रपटात माळ दिसतो, पुस्तकात तो ऐकू येतो.

गेल्या रविवारी भाचीचा फोन आला. पाठीमागे बेडकांचा आवाज येत होता, म्हणजे ती अजून गावातच होती. खोली मिळाली आहे म्हणाली, एका म्हातारीच्या घरात. म्हातारी तिला रोज विचारते की तू नमाज पढतेस तेव्हा दार लोटून घेऊ का. रोवण्यामुळे वर्गात सहाच मुलं आहेत. मग तिनं काय केलं, तर ती स्वतः धुऱ्यावर जाऊन उभी राहिली. बाकीची मुलं कुठे आहेत ते पाहायला. एका बाईनं तिला चहा दिला आणि विचारलं, "मॅडम, तुम्हाला फॉर्म भरता येते का?"

"आणि मग?"

"मग काय, भरून दिला. आता चार बाया आणखी येणार आहेत." थोडा वेळ थांबून म्हणाली, "मामू, माझी तीस पानं उरलीत. मला फक्त एवढं सांगा, शेवटी मास्तर राहतो का तिथे?"

मी म्हटलं, नेटवर्क जातंय, आणि फोन ठेवला.