मेहदी रझा नावाचा शास्त्रज्ञ कधी नव्हता

‘रॉकेट बॉईज’ ही मालिका २०२२ मध्ये आली. तेव्हापासून आमच्या नात्यागोत्यातल्या किमान चार-पाच जणांनी मला एकच प्रश्न विचारला आहे. भाभा माहीत आहेत, साराभाई माहीत आहेत, कलामसाहेब तर आपलेच. पण तो मेहदी रझा कोण? भाभांना आडवा जाणारा, कलकत्त्याचा, पुढे राजकारणात शिरणारा मुसलमान शास्त्रज्ञ. एका भाच्याने तर अभिमान आणि अस्वस्थता यांच्या मधल्या कुठल्यातरी सुरात विचारलं, “मामू, एवढा मोठा माणूस होता, मग शाळेत नाव का नाही आलं त्याचं?”

नाव आलं नाही, कारण असा माणूसच नव्हता. हे पात्र काल्पनिक आहे आणि मालिका करणाऱ्यांनीही तसं सांगितलं आहे. चरित्रपटात काल्पनिक पात्र असणं हा काही गुन्हा नाही. दहा माणसांचं काम एका पात्रात गोळा करावं लागतं, वीस वर्षं आठ भागांत बसवावी लागतात. मला त्याबद्दल तक्रार नाही. पण हे पात्र मोकळ्या जागेत उभं केलेलं नाही. ते एका खऱ्या माणसाच्या जागेवर बसवलेलं आहे. तो माणूस कोण, हे कळलं की नाट्य कुठे संपतं आणि इतिहास कुठे सुरू होतो ते स्पष्ट दिसायला लागतं.

भाभांच्या अणुकार्यक्रमाचा त्या काळातला सर्वांत मोठा वैज्ञानिक टीकाकार होता मेघनाद साहा. जन्म १८९३चा, ढाक्याजवळच्या खेड्यातला. वडील छोटे दुकानदार, जात खालची मानलेली. कलकत्त्यात शिकताना वसतिगृहात जेवायला वेगळं बसावं लागल्याचा अनुभव त्यांच्या वाट्याला आला. १९२० मध्ये त्यांनी मांडलेल्या समीकरणामुळे ताऱ्यांच्या प्रकाशातल्या रेषांवरून त्यांचं तापमान आणि त्यातली मूलद्रव्यं यांचा हिशेब लावता येऊ लागला. आजही खगोलशास्त्राचा विद्यार्थी साहा समीकरण शिकल्याशिवाय पुढे जात नाही. १९३८ मध्ये ते अलाहाबादहून कलकत्त्याला परतले आणि सायक्लोट्रॉनच्या मागे लागले. म्हणजे अणूच्या गाभ्यावर मारा करण्यासाठी कणांना गोल गोल फिरवून वेग देणारं यंत्र. त्यांचा शिष्य बासंती दुलाल नागचौधुरी ते तंत्र शिकायला थेट अमेरिकेत, बर्कलेला लॉरेन्सकडे गेला. काही भाग तिथून आले, पण हवा काढून टाकणारे पंप ज्या जहाजावर होते ते युद्धात बुडालं. पुढची कित्येक वर्षं ते यंत्र जुळवण्यात गेली.

आता रझाशी ताडून पाहा. कलकत्ता, अणुभौतिकी, भाभांशी वैर, मग राजकारण. साहा १९५२ मध्ये कलकत्त्यातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले होते. सांगाडा साहांचा आहे. बदललं आहे ते नाव, धर्म, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं म्हणजे भांडणाचं कारण.

साहा आणि भाभा यांचं भांडण कशावरून होतं? स्वतंत्र भारतात अणुऊर्जा आयोग १९४८ मध्ये स्थापन झाला. साहांचं म्हणणं होतं की वेळ आलेली नाही. देशात पुरेसे उद्योग नाहीत, शिकलेली माणसं नाहीत. आधी विद्यापीठांमधून माणसं तयार करा, मग आयोग काढा. आयोग निघाल्यावर त्यांचा दुसरा आक्षेप सुरू झाला, तो गुप्ततेवर. कायद्याने सगळं कामकाज पडद्याआड ठेवलं तर चुका कोण दाखवणार, असा त्यांचा सवाल होता. संशोधन एका संस्थेत, मुंबईत, मोजक्या माणसांभोवती गोळा होतंय, हेही त्यांना खुपत होतं. १० मे १९५४ रोजी अणुऊर्जेच्या शांततामय वापरावर लोकसभेत चर्चा झाली. ती साहांनीच उपस्थित केली होती आणि पंतप्रधान नेहरूंनी तिला उत्तर दिलं. संसदेच्या कामकाजाच्या नोंदीत आजही ती वाचायला मिळते. त्यात द्वेष शोधला तर थोडाफार सापडेलही, साहा काही गोडबोले गृहस्थ नव्हते. पण बहुतेक जागा मुद्द्यांनी व्यापलेली आहे.

या भांडणात साहा बरोबर होते की भाभा, हा वाद अजून मिटलेला नाही. भाभांनी वाट पाहिली असती तर कदाचित काहीच उभं राहिलं नसतं. साहांचं ऐकलं असतं तर कदाचित विद्यापीठांतलं विज्ञान इतकं कोरडं पडलं नसतं. प्रेक्षकाला विचारात पाडेल असं नाट्य इथे तयार होतं, पण पडद्यावर ते दाखवणं अवघड. दोन माणसं धोरणावर भांडताहेत, यात कॅमेऱ्याने काय टिपायचं? म्हणून मुद्द्याच्या जागी मत्सर येतो, जखमी अहंकार येतो. मग पात्राला धर्म दिला जातो, भूतकाळ दिला जातो आणि बराच वेळ त्याच्याभोवती शकाचं धुकं ठेवलं जातं. शेवटी खबऱ्या दुसराच निघतो. मालिकेची बाजू घेणारे म्हणतात की पूर्वग्रह मोडण्यासाठीच तसं केलं. असेलही. तरी मला एक गोष्ट बोचते. साहांच्या आयुष्यात खरी जखम होती, ती जातीची. ती पडद्यावरून गेली आणि तिच्या जागी मुसलमान असण्याचा संशय आला. साहांच्या वाट्याला विस्मृती आली आणि आमच्या वाट्याला कधीच न केलेल्या गोष्टींचा खुलासा.

म्हणून चरित्रपट पाहताना मी नायकाकडे नंतर बघतो, आधी विरोधकाकडे बघतो. नायकाच्या जन्मतारखा, पदं, पुरस्कार यांत सहसा फार फेरफार होत नाही, कारण ते पकडले जातात. कारागिरी होते ती विरोधकात. तो खरा होता का? खरा असेल तर त्याचं म्हणणं पडद्यावर पूर्ण ऐकू येतं का, की त्याचा फक्त चेहरा दिसतो? नायकाशी असहमत होण्याचं एकही शहाणं कारण चित्रपटभर सापडलं नाही, तर तिथे काहीतरी कापलं गेलं आहे असं खुशाल समजावं.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. ॲलन ट्युरिंगवरचा ‘द इमिटेशन गेम’ (२०१४) घ्या. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचा एनिग्मा संकेत फोडणारा हा गणितज्ञ. चित्रपटात त्याच्याच टोळक्यात जॉन केर्नक्रॉस नावाचा सहकारी आहे. तो सोव्हिएत हेर असल्याचं ट्युरिंगला कळतं आणि तो ट्युरिंगला धमकावतो, तू माझं गुपित फोडलंस तर मी तुझं फोडीन. ट्युरिंग गप्प बसतो. केर्नक्रॉस खरा होता, हेरही खरा होता आणि ब्लेचली पार्कमध्येही होता. पण वेगळ्या विभागात. त्याची आणि ट्युरिंगची ओळख असल्याचा पुरावा नाही. म्हणजे दोन खरी माणसं घेऊन त्यांच्यामध्ये एक खोटा प्रसंग ठेवला. परिणाम काय झाला बघा. ज्या माणसाला त्याच्या देशाने समलैंगिक म्हणून १९५२ मध्ये दोषी ठरवलं, त्याच्या गौरवासाठी काढलेल्या चित्रपटाने त्याला देशाच्या शत्रूला पाठीशी घालणारा केलं. दुसरीकडे, त्या यंत्राचा पाया आधी पोलंडच्या गणितज्ञांनी घातला होता आणि गॉर्डन वेल्चमनने त्यात फार मोठी सुधारणा केली होती. वेल्चमन चित्रपटात नाहीच. हेराला जागा मिळाली, सहकाऱ्याला नाही.

हेर आला की कान टवकारावेत, हा माझा दुसरा नियम. ‘रॉकेट बॉईज’च्या दुसऱ्या सीझनमध्ये भाभांच्या मृत्यूभोवती सीआयएचं कारस्थान उभं केलं आहे. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ विमान माँ ब्लांवर आदळलं आणि ११७ माणसं गेली. फ्रेंच चौकशीतून समोर आलेली हकीकत अगदी साधी आहे. विमानातलं दिशा-स्थान दाखवणारं एक उपकरण नादुरुस्त होतं. वैमानिकाने अंदाजाने धरलं की आपण डोंगर ओलांडला. जमिनीवरच्या नियंत्रकाला रडारवर दिसत होतं की अजून ओलांडलेला नाही. त्याने तसं कळवलंही, पण निरोप असा गेला की वैमानिकाला त्याचा अर्थ नीट लागला नाही आणि तो खाली उतरत राहिला.

कारस्थानाची गोष्ट मुख्यतः एका पुस्तकावर उभी आहे. एका मृत सीआयए अधिकाऱ्याने फोनवरच्या गप्पांत असं सांगितलं होतं, असा त्या पुस्तकाचा दावा. त्याला दुसऱ्या कुठल्या कागदाचा आधार नाही. मला मात्र आणखी एक गोष्ट आठवते. ३ नोव्हेंबर १९५० रोजी एअर इंडियाचंच ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान याच माँ ब्लांवर आदळलं होतं. ४८ जण गेले. त्यात कुणी अणुशास्त्रज्ञ नव्हता, म्हणून त्याचं कारस्थान कुणी रचलं नाही. तोच डोंगर होता, जिनिव्हाला उतरण्याची तीच वाट होती. मोठा माणूस साध्या चुकीने मरतो हे मनाला पटत नाही, म्हणून पटकथाकार आपल्या मनासारखं करून देतो.

भाच्याला मी हे सगळं इतकं लांबवून सांगितलं नाही, त्याला बाहेर जायचं होतं. रझा खोटा, साहा खरा, एवढं ऐकून तो जरा हिरमुसला. म्हणाला, “म्हणजे कलामसाहेब सोडले तर त्या काळात आपलं कुणीच नव्हतं?”

होतं की. डॉ. सय्यद हुसैन झहीर. रसायनशास्त्रज्ञ, प्रगतिशील लेखक सज्जाद झहीर यांचे भाऊ. फाळणीनंतर सज्जाद पाकिस्तानात गेले, तिथे तुरुंगवास भोगून परत आले. हुसैन हैदराबादच्या प्रयोगशाळेत काम करत राहिले आणि १९६२ पासून १९६६ पर्यंत सीएसआयआरचे महासंचालक होते, म्हणजे देशभरच्या सरकारी प्रयोगशाळांच्या जाळ्याचे प्रमुख. भाभांच्या शेवटच्या चार वर्षांचाच हा काळ. मालिकेच्या लेखकांना खरा मुसलमान शास्त्रज्ञ हवा असता, तर तो शोधायला फार लांब जावं लागलं नसतं. भाच्याने नाव मोबाइलमध्ये टाइप केलं आणि जिना उतरता उतरता विचारलं, “मामू, झहीरमध्ये ‘झ’ की ‘ज़’?”