सुरात आलेली नाडी

सासूबाईंची नाडी मी सहा वर्षं मोजते आहे. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते फडफडतात, त्यामुळे त्यांची नाडी कायमची वेडीवाकडी. दोन ठोके लगोलग, मग थांबा, मग एक जोरात. त्यासाठी डिगॉक्सिनची गोळी आणि पायाची सूज उतरायला लघवीची गोळी. रोज सकाळी मनगट धरून पूर्ण एक मिनिट मोजायचं आणि वहीत लिहायचं. ७२, ७८, ७०.

त्या वर्षी दशलक्षण पर्वात त्यांनी दहाही दिवस एकाशन धरलं. वय एक्क्याऐंशी. मी म्हटलं, "आत्ती, डॉक्टरांना विचारू या का?" तर म्हणाल्या, "त्यांना काय विचारायचं, गोळ्या घेतेच आहे की." आणि खरंच घेत होत्या, दुपारी जेवताना, दोन्ही. पाणी तेवढंच एकदा. हिरवं वर्ज्य, केळं नाही, नारळपाणी नाही. मुगाची आमटी आणि भात.

सातव्या दिवशी म्हणाल्या, अन्नाचा वास नको वाटतोय. आठव्या दिवशी दोनदा ओकारी झाली. पित्त असेल, असं आम्ही दोघींनीही ठरवून टाकलं. देवघरातल्या समईभोवती पिवळं कडं दिसतंय, असंही त्या म्हणाल्या. मी ते मोतीबिंदूच्या खात्यावर मांडलं.

नवव्या दिवशी सकाळी मनगट धरलं तर नाडी ४४. पण काय सांगू, इतकी सुरेख चाललेली! एकेक ठोका घड्याळासारखा. सहा वर्षांत पहिल्यांदा नाडी सुरात आली म्हणून क्षणभर मला बरंच वाटलं. मग ४४ या आकड्याकडे पुन्हा पाहिलं आणि ह्यांना गाडी काढायला सांगितलं.

डॉक्टरांना मी हेच सांगितलं, नाडी मंद आहे पण सरळ झाली आहे. ते एकदम गंभीर झाले. डिगॉक्सिन हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधलं दार थोडं लोटून धरतं, म्हणजे वरची सगळी फडफड खाली पोचत नाही. पण औषध डोईजड झालं की दार पूर्ण बंद होतं. मग खालचा भाग वरच्याची वाट न पाहता आपल्याच संथ लयीत ठोके देतो. ती लय सरळ असते. वाकडी नाडी अशी अचानक मंद आणि सरळ झाली तर ती सुधारणा नव्हे. पट्टीवर तेच उमटलं.

लगेच रक्त घेतलं. शेवटची गोळी किती वाजता घेतली, हे त्यांनी दोनदा विचारलं. गोळीनंतर निदान सहा तास गेल्याशिवाय रक्तातली डिगॉक्सिनची पातळी खरी कळत नाही. आधी घेतलं तर ती फुगलेली दिसते. आदल्या दुपारची गोळी होती, तेव्हा प्रश्न नव्हता. पातळी आली १.८. कागदावर छापलेली मर्यादा २.० पर्यंत. ह्यांनी सुस्कारा सोडला, "म्हणजे नॉर्मल आहे की!"

डॉक्टरांनी खालच्या ओळीवर बोट ठेवलं. पोटॅशियम २.९, जे निदान साडेतीन तरी हवं. त्यांनी समजावलं ते असं. हृदयाच्या पेशीवर एक पाट आहे, त्यावर पोटॅशियमलाही बसायचं असतं आणि डिगॉक्सिनलाही. पोटॅशियम कमी झालं की रिकाम्या जागी डिगॉक्सिन बसतं, आणि तेवढंच औषध विषासारखं वागू लागतं. त्यातून इतक्या वयाला १.८ हीच पातळी जास्त. ती एकच्या आत असलेली बरी. लघवीची गोळी रोज पोटॅशियम बाहेर टाकत होती, ताटातून परत येत नव्हतं, उलटीनं आणखी गेलं. पाणी कमी म्हणून मूत्रपिंडाचं कामही मंदावलं, क्रिएटिनिन १.६ झालं, आणि डिगॉक्सिन जायची वाट तीच!

दोन्ही गोळ्या बंद झाल्या. पोटॅशियम सलाईनमधून, पण थेंब थेंब, मॉनिटर लावून. मी विचारलं, लवकर का नाही देत? म्हणाले, घाईनं चढवलं तर बंद दार आणखी घट्ट होईल, हृदय थांबूही शकतं. मॅग्नेशियमही दिलं, ते कमी असेल तर पोटॅशियम अंगात टिकत नाही.

त्या रात्री सलाईनच्या बाटलीकडे पाहत सासूबाई म्हणाल्या, "सूर्यास्तानंतर पाणी चाललंय माझ्या अंगात." मला उत्तर सुचलं नाही. त्यांचा हात तेवढा धरून बसले. डिगॉक्सिन अंगातून जायला वेळ लागतो, म्हाताऱ्या मूत्रपिंडाला तर आणखीच. तिसऱ्या दिवशी पहाटे नाडी ६४ झाली. पहिल्यासारखी वेडीवाकडी.

आता गोळी अर्धी आहे, दर तीन महिन्यांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन. पुढच्या पर्वाआधी आम्ही दोघी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एकाशन नको म्हटलं, आणि सासूबाईंनी त्याऐवजी दहा दिवस फक्त साखर सोडली. सकाळी मी मनगट धरते, तेव्हा त्या डोळे मिटून विचारतात, "वाकडीच आहे ना गं?"




"वाकडीच आहे, आत्ती."